एएमसीचं बिल, नवा स्पिंडल आणि बंद पडलेली रात्रपाळी

बसमध्ये असाल, जेवणाच्या सुट्टीत असाल, नाहीतर रात्री कानात इअरफोन घालून पडला असाल. जिथे असाल तिथे आजचा भाग निवांत ऐका. आज थोडे आकडे आहेत, पण घाबरू नका. मी एकच उदाहरण घेणार आहे आणि शेवटपर्यंत तेच चालवणार आहे. ज्यांना आकडे डोळ्यांनी बघायचे असतात, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहूनही ठेवलाय.

आजचा विषय माझ्या एका चुकीतून आलाय. मी तेव्हा भोसरी एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघायचे. बीकॉम होऊन दीड वर्ष झालं होतं, टॅली येत होतं, जीएसटी रिटर्न भरता येत होतं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं वाटायचं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, पण खरं तर एका माणसाची. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. शॉपमध्ये चार सीएनसी मशीन होती. त्यातलं सगळ्यात महाग मशीन म्हणजे एक व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर.

2024 च्या सप्टेंबरमध्ये त्या व्हीएमसीचा स्पिंडल आवाज करायला लागला. स्पिंडल म्हणजे मशीनचा तो भाग, ज्यात टूल बसतं आणि जो हजारो आरपीएमने फिरतो. त्याच्यात खेळ आला की जॉबचं माप जातं, फिनिशिंग जातं. आधी बेअरिंग बदलून बघू असं ठरलं, पण इंजिनिअरने उघडून बघितल्यावर सांगितलं की आतला टेपरच खराब झालाय, अख्खा स्पिंडल बदला. किंमत 3,60,000 रुपये. 1 ऑक्टोबरला नवा स्पिंडल बसला. त्याच दिवशी चारही मशीनची एएमसी, म्हणजे वर्षभराचा देखभालीचा करारही रिन्यू झाला. त्याचे 1,80,000 रुपये, सगळे आगाऊ. 1 ऑक्टोबर 2024 ते 30 सप्टेंबर 2025 असा बारा महिन्यांचा करार. जीएसटीचं क्रेडिट मिळत होतं, त्यामुळे तो भाग आपण बाजूला ठेवू. हे आकडे जीएसटीशिवायचे आहेत.

मी काय केलं? दोन्ही बिलं उचलली आणि 'रिपेअर्स अँड मेंटेनन्स' या लेजरला टाकली. माझं तर्कशास्त्र सरळ होतं. मशीन दुरुस्त झालं, पैसे गेले, म्हणजे खर्च. पाच मिनिटांत काम संपलं.

शेठना दर महिन्याला नफ्या-तोट्याचा एक कागद लागायचा. हे दोन खर्च धरायच्या आधी ऑक्टोबरचा नफा 2,10,000 होता. माझ्या नोंदीमुळे त्यातून 5,40,000 वजा झाले आणि कागदावर आला 3,30,000 रुपये तोटा. शेठनी कागद बघितला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग सुपरवायझरला बोलावलं आणि म्हणाले, "व्हीएमसी परवडत नाही आपल्याला. पुढच्या आठवड्यापासून तिची रात्रपाळी बंद. एकाच शिफ्टमध्ये बसेल तेवढंच काम घ्या."

रात्रपाळीला जो दादा होता, तो धाराशिवकडचा. नुकतीच खोली घेऊन बायको-मुलांना इकडे आणलं होतं. त्याला आठ दिवसांची मुदत मिळाली. मला वाईट वाटलं, पण माझ्या डोक्यातही आलं नाही की हे माझ्या दोन नोंदींमुळे झालंय. मला वाटलं, आकडे आहेत, आकडे काय खोटं बोलणार?

वीस-बावीस दिवसांनी आमच्या सीए मॅडम तिमाहीच्या कामाला आल्या. त्यांनी लेजर उघडलं, ऑक्टोबरवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे दोन खर्च कुठल्या काळाचे आहेत?"

मी म्हणाले, "ऑक्टोबरचे. बिलं ऑक्टोबरची आहेत ना, मॅडम."

त्या म्हणाल्या, "बिल कधीचं ते मी विचारलंच नाही. त्या पैशांचा उपयोग कुठल्या काळात होणार, ते विचारलं."

मंडळी, आजचा अख्खा भाग या एका प्रश्नात आहे. बिल किती मोठं, पैसे कधी गेले, मशीनवर खर्च झाला की नाही, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, उपयोग कुठल्या काळाचा? आता आपण दोन्ही बिलांना हा प्रश्न विचारू.

आधी एएमसी घेऊ, कारण ती सोपी आहे. 1,80,000 देऊन आपण काय विकत घेतलं? बारा महिने इंजिनिअर येईल, ठरलेल्या व्हिजिट देईल, तेलपाणी, लेव्हलिंग, अलाइनमेंट बघेल, बंद पडलं तर धावून येईल, हे वचन विकत घेतलं. 1 ऑक्टोबरला त्यातलं काहीच वापरलेलं नव्हतं. ऑक्टोबर संपला तेव्हा एक महिना वापरून झाला, म्हणजे 15,000 रुपये. तेवढाच ऑक्टोबरचा खर्च. उरलेले 1,65,000 हे आपलं वेंडरकडे असलेलं घेणं आहे, पैशांच्या रूपात नाही तर सेवेच्या रूपात. त्याला ताळेबंदात नाव 'प्रीपेड एक्स्पेन्सेस', आणि ते बसतात मालमत्तेच्या बाजूला. मोबाईलचा वर्षाचा रिचार्ज मारता तेव्हा काय होतं? पैसे एका दिवसात जातात, पण डेटा वर्षभर वापरता. अगदी तसंच.

टॅलीत करायचं म्हटलं तर असं. बिल आलं की पूर्ण 1,80,000 'प्रीपेड' या लेजरला टाकायचे. मग दर महिन्याच्या शेवटी एक जर्नल: मेंटेनन्स खर्च नावे 15,000, प्रीपेड जमा 15,000. 31 मार्चला बघितलं तर सहा महिने गेलेले, म्हणजे 90,000 खर्च झाला आणि 90,000 प्रीपेड म्हणून पुढच्या वर्षात गेले. मोजायला सुरुवात कराराच्या तारखेपासून करायची, पैसे दिल्याच्या तारखेपासून नाही. इथे बरेच जण फसतात. नवं मशीन घेताना सेल्सवाला एएमसीही गळ्यात मारतो, पण पहिलं वर्ष वॉरंटी असते आणि एएमसी वॉरंटी संपल्यावर सुरू होणार असते. मग पहिलं वर्षभर एएमसीचा एक रुपयाही खर्चात यायला नको. म्हणून बिल नाही, करार मागा, आणि त्यातली 'पासून-पर्यंत' ही ओळ शोधा.

आता तुम्ही म्हणाल, दरवर्षी ऑक्टोबरलाच एएमसी भरतो, दरवर्षी साधारण तेवढेच पैसे, मग वर्षाच्या हिशेबात काय फरक पडतो? प्रश्न बरोबर आहे. वर्षभराचा आकडा बघितला तर फारसा फरक पडत नाही. एका वर्षाचे सहा महिने पुढे गेले तर मागच्या वर्षाचे सहा महिने आत येतात. म्हणूनच हजार-दोन हजारांच्या करारासाठी कोणी दर महिन्याला जर्नल मारत बसत नाही, आणि बसूही नये. फरक पडतो तो तीन ठिकाणी. पहिल्या वर्षी, कारण तेव्हा मागून आत यायला काहीच नसतं. एकदम दोन-तीन वर्षांचे पैसे भरले असतील तेव्हा. आणि महिन्याच्या कागदावर. आमचा घात महिन्याच्या कागदाने केला. ऑक्टोबर वाईट दिसला हे तर झालंच, पण उलट बाजूही बघा. एएमसी दर ऑक्टोबरला एकदम खर्चात टाकल्यामुळे बाकीचे अकरा महिने उगाचच 15,000 नी चांगले दिसत होते. त्या चांगल्या दिसणाऱ्या महिन्यांत शेठ गिऱ्हाइकाला ताशी रेट लावायचे, आणि त्या रेटमध्ये देखभालीचा खर्च धरलेलाच नसायचा.

एएमसीबद्दल आणखी एकच गोष्ट सांगते. प्रीपेड हा शब्द म्हणजे कायमची हमी नाही. समजा जानेवारीत वेंडरने फोन उचलणं बंद केलं, दुकानच बंद केलं, पैसे परत मिळायचीही शक्यता नाही. मग उरलेले नऊ महिने 'मालमत्ता' म्हणून दाखवायला काय राहिलं? काहीच नाही. ते सगळे त्याच वेळी खर्चात घ्यावे लागतात. म्हणून वर्षअखेरीला प्रीपेडची यादी काढताना फक्त महिने मोजू नका. इंजिनिअरच्या व्हिजिटचे सर्व्हिस रिपोर्ट फाइलला लागलेत का, तेही बघा. शेवटचा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा असेल तर फोन करून विचारा.

आता स्पिंडल. इथे प्रश्न तोच, उत्तर वेगळं. नवा स्पिंडल किती काळ चालणार? आमच्याकडे जुना सहा वर्षं चालला होता. काम तेच, मटेरियल तेच, म्हणून इंजिनिअरनेही नव्याचं आयुष्य सहा वर्षंच धरायला सांगितलं. म्हणजे ही वस्तू एका वर्षात संपणारी नाही. मग तिची सगळी किंमत ऑक्टोबर 2024 च्या डोक्यावर का मारायची?

आमच्यासारख्या कंपनीला लागू होतं ते अकाउंटिंग स्टँडर्ड 10. मोठ्या कंपन्यांना इंड एएस 16, पण या मुद्द्यावर दोन्हींचं म्हणणं एकच आहे. सुटा भाग जर मशीनसारख्या मालमत्तेच्या व्याख्येत बसत असेल, म्हणजे उत्पादनासाठी ठेवलेला आहे आणि एकापेक्षा जास्त वर्षं वापरला जाईल अशी अपेक्षा आहे, तर तो मालमत्ता. बसत नसेल तर तो स्टॉक, म्हणजे स्टोअरमधला माल, आणि वापरला की खर्च. रोजच्या देखभालीचा खर्च, मजुरी, किरकोळ भाग, हे थेट नफा-तोटा पत्रकात.

म्हणजे कुलंट, वे ऑइल, फिल्टर, ऑइल सील, पट्टे, फ्यूज हे सगळं स्टॉक किंवा खर्च. जुन्याच स्पिंडलची बेअरिंग बदलून तोच परत चालवला असता, तर ती साधी दुरुस्ती, तिलाही आम्ही खर्चातच टाकलं असतं. पण अख्खा स्पिंडल नवा, 3,60,000 चा, सहा वर्षं चालणारा, तो मालमत्ता. दर महिन्याला घसारा 5,000 रुपये.

मी हे ऐकून खूश झाले. म्हटलं, सोपं आहे! ऑक्टोबरच्या खर्चातून 3,60,000 काढायचे, मशीनच्या किमतीत मिळवायचे, तोटा गायब. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "आणि जुना स्पिंडल? तो तुझ्या पुस्तकात अजून फिरतोय."

मंडळी, हे नीट ऐका, कारण खूप जण इथे चुकतात. व्हीएमसी 1 ऑक्टोबर 2018 ला घेतली होती, 30,00,000 रुपयांना. त्या 30 लाखांत जुना स्पिंडलही होता. मशीनचं आयुष्य 15 वर्षं धरलं होतं, कंपनी कायद्याच्या शेड्यूल 2 मध्ये सर्वसाधारण प्लांट अँड मशिनरीला तेवढंच दिलंय. आपण भंगाराची किंमत सोडून देऊ आणि सरळ भागाकार करू. आता जुना स्पिंडल भंगारात गेला, पण पुस्तकात त्याची शिल्लक किंमत मशीनच्या आत लपून बसलेली आहे. नवा मिळवला आणि जुना काढलाच नाही, तर कागदावर एका मशीनला दोन स्पिंडल होतात.

मग जुन्याची किंमत काढायची कशी? मशीनच्या बिलात ती वेगळी नव्हती. आमच्या नशिबाने 2018 ची स्पेअरची प्राइस लिस्ट फाइलमध्ये सापडली. त्यात स्पिंडल 3,00,000 ला होता. अशी लिस्ट नसेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर जुना भाग घेतला तेव्हा कितीला पडला असेल, याचा अंदाज करायला नव्या भागाची किंमत आधार म्हणून वापरायला स्टँडर्ड परवानगी देतं. आता 3,00,000 भागिले 15 वर्षं, म्हणजे वर्षाला 20,000 घसारा. सहा वर्षांत 1,20,000 घसारा झाला. उरले 1,80,000. ही शिल्लक किंमत पुस्तकातून काढून टाकायची आणि तेवढा तोटा नफा-तोटा पत्रकात घ्यायचा. ऑक्टोबरमध्येच. भंगाराचे काही पैसे आले असतील तर ते त्यातून वजा.

आता ऑक्टोबरचा खरा कागद मांडू. सुरुवातीचा नफा 2,10,000. त्यातून एएमसीचे 15,000 गेले. नव्या स्पिंडलचा घसारा 5,000 गेला. जुना स्पिंडल काढल्याचा तोटा 1,80,000 गेला. उरले 10,000 रुपये. जुन्या स्पिंडलचा महिन्याचा घसारा आता थांबेल, तो दीड-पावणेदोन हजारांचा फरक सोडून देऊ.

म्हणजे मी दाखवला होता 3,30,000 तोटा, आणि खरं होतं 10,000 नफा. त्यातलेही 1,80,000 हे दर महिन्याला येणारे नाहीत, एकदाच आलेले. मॅडमनी शेठच्या कागदावर ती ओळ वेगळी काढून दाखवली. ती बाजूला ठेवली तर ऑक्टोबर 1,90,000 नफ्याचा महिना होता. व्हीएमसी परवडत नव्हती हे खरं नव्हतंच. तिच्यावर सगळ्यात जास्त काम होतं, म्हणूनच तिचा स्पिंडल आधी गेला होता.

तुमच्यातला एखादा हुशार श्रोता विचारेल, की 1,80,000 तोटा आला तरी का? कारण आम्ही 2018 मध्ये आळस केला होता. स्पिंडल सहा-सात वर्षांत जाणार हे शॉपमध्ये सगळ्यांना माहीत असतं. मग त्याला 15 वर्षांच्या मशीनच्या गाठोड्यात का बांधायचं? स्टँडर्ड सांगतं की मशीनचा जो भाग किमतीने मोठा आहे आणि ज्याचं आयुष्य वेगळं आहे, त्याचा घसारा वेगळा काढा. 30 लाखांत 3 लाख म्हणजे दहा टक्के, लहान नाही. तो सुरुवातीलाच वेगळा काढून सहा वर्षं धरली असती, तर वर्षाला 50,000 घसारा झाला असता, आणि ऑक्टोबर 2024 ला त्याची शिल्लक किंमत बरोबर शून्य. ना तोटा, ना धक्का. नवं मशीन येतं तेव्हा इंजिनिअरला एकच प्रश्न विचारून ठेवा, "यातलं काय आधी जाईल आणि कितीला पडेल?" मोठी मोठी दोन-तीन नावं लिहून घ्या. पुढचा सगळा त्रास वाचतो.

शेठनी मॅडमचा कागद वाचला आणि रात्रपाळी परत सुरू करायला सांगितलं. सुपरवायझरने दादाला फोन लावला. त्याने चाकणला दुसरीकडे काम धरलं होतं, पगार थोडा कमी, पण तिथे खोलीही बदलून झाली होती. तो परत आला नाही. नवा ऑपरेटर मिळेपर्यंत व्हीएमसी दोन महिने एकाच शिफ्टवर चालली. शेठ मला काही बोलले नाहीत. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गोष्ट इथे संपत नाही, कारण मार्चमध्ये उलटं झालं. बँकेची कॅश क्रेडिट लिमिट रिन्यू व्हायची होती, आणि वर्षाचा नफा थोडा कमी दिसत होता. शेठना आता 'कॅपिटलाइज' हा शब्द कळला होता. त्यांनी बिलांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. कुलंट पंपाची दुरुस्ती, सील, सर्व्हिस इंजिनिअरचं बिल, आणि एएमसीची फाइलसुद्धा. म्हणाले, "हे सगळं मशीनवरच झालंय ना? मशीनमध्ये टाक. स्पिंडल चालतो तर हे का नाही?"

मला तेव्हा पहिल्यांदा नाही म्हणावं लागलं. मी म्हणाले, "शेठ, स्पिंडल मशीनवर खर्च झाला म्हणून नाही टाकला. तो सहा वर्षं चालणार आहे म्हणून टाकला. कुलंट पंप दुरुस्त केल्याने मशीन होतं तसं परत चालू झालं, नवं काही आलं नाही. आणि एएमसी तर मशीन आहे तसं ठेवण्याचेच पैसे आहेत. ती प्रीपेडमध्ये राहते, तीही सप्टेंबरपर्यंतच. मशीनच्या किमतीत ती कधीच जाणार नाही."

शेठ म्हणाले, "बँकेला कोण सांगणार आहे?"

सांगायची गरजच नसते. बँकेचा माणूस दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतो. मशीनरीत भर दिसते, पण नवं मशीन आल्याचं बिल नाही, इन्शुरन्स पॉलिसीत नवं मशीन नाही. आणि दुरुस्तीचा खर्च, जो दरवर्षी असतो, तो एकदम निम्मा झालेला. मग तो भर पडलेल्या मालमत्तेची यादी आणि प्रत्येकाचं बिल मागतो. बिलावर स्पष्ट लिहिलेलं असतं, 'कुलंट पंप रिपेअरिंग'. त्यानंतर तो तुमच्या बाकीच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आणि बँकेने नाहीच पकडलं तरी तो खर्च गायब झालेला नसतो. पुढची कितीतरी वर्षं तो घसारा म्हणून परत येतो, आणि त्या वर्षांची स्वतःची दुरुस्ती असतेच.

मग शेठ आणि मॅडम बसले आणि एक साधा नियम लिहून काढला, जो मला आजही उपयोगी पडतो. सुटा भाग एका वर्षापेक्षा जास्त चालणार असेल, आणि किंमत 50,000 च्या वर असेल, तरच मालमत्ता. खालचं सगळं खर्च. हा 50,000 आकडा कायद्यातला नाही हां. तो आमच्या शॉपच्या आकाराला बसेल असा ठरवलेला होता. तुमच्या कंपनीत तो 10,000 असेल, नाहीतर 5 लाख असेल. महत्त्वाचं इतकंच की तो आधी ठरवायचा, लिहून ठेवायचा, आणि नफा कमी आला की खाली, टॅक्स जास्त आला की वर, असा सरकवायचा नाही.

टॅक्सवरून आठवलं. इन्कम टॅक्सचं गणित या पुस्तकांपेक्षा वेगळं चालतं, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका. तिथे मशीन सुटं सुटं मोजत नाहीत, ब्लॉकने मोजतात. सर्वसाधारण मशीनरीच्या ब्लॉकवर 15 टक्के घसारा, तोही दरवर्षी कमी होत जाणाऱ्या किमतीवर. आणि मोठा भाग बदलला तर ती 'चालू दुरुस्ती' की भांडवली खर्च, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं झालीत. सरवणा स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितलं की गिरणीतली अख्खी रिंग फ्रेम बदलणं म्हणजे चालू दुरुस्ती नाही, कारण ते स्वतःच एक पूर्ण मशीन आहे. स्पिंडल हा मशीनचा एक भाग आहे, पूर्ण मशीन नाही, त्यामुळे तिथे वेगळा विचार होऊ शकतो. मोठं बिल असेल तर रिटर्न भरायच्या आधी तुमच्या सीएला विचाराच.

शेवटी एक छोटी गोष्ट. आमच्या स्टोअरमध्ये एक सर्व्हो ड्राइव्ह पडून होता, 1,20,000 चा, आणीबाणीसाठी घेतलेला. माझ्या आधीच्या माणसाने तो घेतला त्या दिवशीच खर्चात टाकला होता. म्हणजे पुस्तकात तो नव्हताच, आणि जे पुस्तकात नसतं त्याची मोजणी कोणी करत नाही. आम्ही मार्चमध्ये रॅक मोजायला गेलो तेव्हा खोका होता, त्याच्यात ड्राइव्ह नव्हता. कधी गेला, कुठे गेला, बसवला की कोणी नेला, आजपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून महाग स्पेअर मशीन बंद असताना नुसता रॅकवर पडून असला तरी मालमत्तेच्या यादीत असतो, नंबर लावून, आणि वर्षातून एकदा खोका उघडून बघितला जातो.

तर मंडळी, पुढच्या वेळी तुमच्या टेबलावर मोठं बिल आलं, की लेजर निवडायच्या आधी तो मॅडमचा प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या शॉपमध्ये किंवा ऑफिसमध्ये एखादं असं बिल असेल, जे कुठे टाकायचं कळत नाहीये, तर मला व्हॉइस मेसेज पाठवा. कंपनीचं नाव नको, फक्त वस्तू काय, किती चालते आणि कितीला पडली, एवढं सांगा. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन घेऊन बसू. तोपर्यंत सांभाळून राहा. भेटूच!